चॅप्टर आणि हायलाइट: दिसायला सारखे, काम वेगळं

आमच्या सदाशिव पेठेतल्या एका छोट्या व्याख्यानमालेची रेकॉर्डिंग मी यूट्यूबवर चढवते. गेल्या पावसाळ्यात पानशेतच्या पुरावर एका निवृत्त इंजिनिअरकाकांचं भाषण झालं, सव्वा तासाच्या आत-बाहेर. मी पूर्ण ट्रान्स्क्रिप्ट वाचलं, वाचताना जिथे जिथे अंगावर काटा आला तिथे खूण केली आणि त्या खुणांच्या वेळा डिस्क्रिप्शनमध्ये टाकल्या:

```
0:00 सुरुवात
4:10 लकडी पूल पाण्याखाली
31:25 सकाळी धरण फुटलं
44:50 निसेन हटमधलं बिऱ्हाड
58:05 प्रश्नोत्तरं
```

दोन दिवसांनी सहकारनगरच्या मावशीचा फोन आला. पुरात तिचं नारायण पेठेतलं घर गेलं होतं. ती म्हणाली, "अगं, धरण बांधताना काय चुकलं ते काका बोललेत म्हणे. कुठंय ते? मी सगळी यादी बघितली, सापडेना." काका त्यावर तब्बल अकरा मिनिटं बोलले होते. माझ्या यादीत ती अकरा मिनिटं 'लकडी पूल पाण्याखाली' या नावाखाली गाडली गेली होती.

चूक वेळांची नव्हती. मी केले होते हायलाइट आणि लावले होते चॅप्टर म्हणून.

हायलाइट म्हणजे लांबलचक व्हिडिओतला एक क्षण. त्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि आजूबाजूच्या मिनिटांशी त्याला देणंघेणं नसतं. चॅप्टरला मात्र स्वतःचा शेवट लिहिलेलाच नसतो. आपण फक्त सुरुवातीची वेळ देतो. पुढच्या चॅप्टरची वेळ येईपर्यंत मधलं सगळं त्याच्याच नावावर जमा होतं. म्हणून चॅप्टरच्या यादीत एकही सेकंद बिननावाचा राहू शकत नाही. लकडी पुलाची आठवण अडीच मिनिटांची, 4:10 ते 6:41. मी पुढची खूण थेट 31:25 ला केली, त्यामुळे त्या अडीच मिनिटांच्या नावाने सव्वासत्तावीस मिनिटं चालली. यूट्यूबचे नियम या बाबतीत काहीच मदत करत नाहीत. पहिली वेळ 0:00 हवी, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक चॅप्टर किमान दहा सेकंदांचा हवा, एवढंच तिथे पाहिलं जातं. माझी यादी या सगळ्यात बसत होती.

हा घोटाळा ओळखायचा एक साधा उपाय मी तेव्हापासून करते. चॅप्टर संपत आलेला असतो तिथलं, शेवटच्या एखाद-दुसऱ्या मिनिटाचं ट्रान्स्क्रिप्ट वाचायचं आणि वर लिहिलेलं नाव तिथेही लागू पडतं का ते बघायचं. माझ्या यादीत 30:00 ला काका ११ जुलैच्या रात्रीचं सांगत होते, जवान वाळूची पोती रचत होते ते. वर नाव लकडी पुलाचं! सुरुवात तपासून हे कधीच कळत नाही, कारण सुरुवातीला नाव बरोबरच असतं.

मग ट्रान्स्क्रिप्ट दुसऱ्यांदा वाचलं, पण या वेळी काटा कुठे येतो ते न बघता बोलणं कुठे वळतं ते बघत. मराठी वक्ते वळताना सांगून वळतात: 'बरं', 'तर आता', 'हे झालं पुण्याचं', 'मुद्दा असा की'. या शब्दांपाशी थांबून पुढची दहा-बारा वाक्यं त्याच विषयावर आहेत का ते पाहिलं. पुष्कळदा नसतात. काका 'बरं' म्हणून एखाद्या जुन्या साहेबाची गोष्ट सांगतात आणि मिनिटाभरात मूळ जागी येतात. तिथे चॅप्टर तोडायचा नाही.

सुरुवातीची वेळ ठरवतानाही दोन्हींत फरक पडतो. निसेन हटची, म्हणजे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल छपराच्या घरांची, गोष्ट 44:50 ला सुरू होते आणि हायलाइटसाठी तेच बरोबर. पण विषय वळला होता अर्धा मिनिट आधी, 44:20 ला, 'पाणी ओसरल्यावर माणसं गेली कुठे?' या वाक्यावर. चॅप्टर तिथून. शब्द शोधून वेळ काढली की नेमकी इथे फसगत होते, कारण शोधलेला शब्द विषय सुरू झाल्यावर काही वाक्यांनी उगवतो. शिवाय आपोआप तयार झालेल्या सबटायटलच्या ओळी वाक्यानुसार तुटत नाहीत. बांधणीच्या भागाची ओळ अशी होती:

```
00:12:35,200 --> 00:12:38,900
तो भाग झाला. बरं, आता धरणाकडे
```

ओळीची वेळ 12:35 आहे, पण तिथून लावलं तर आधीच्या वाक्याचं शेपूट ऐकू येतं. कान देऊन ऐकलं तेव्हा 'बरं' 12:37 च्या थोडं पुढे निघालं. चॅप्टरची वेळ पूर्ण सेकंदात लिहायची असल्यामुळे मी खालचा सेकंद घेतला. वरचा घेतला असता तर पहिलं अक्षर कापलं गेलं असतं.

नवी यादी अशी झाली:

```
0:00 ओळख आणि लकडी पुलाची आठवण
6:41 आंबी, मुठा आणि दोन धरणं
12:37 पानशेतची बांधणी: काय चुकलं
24:02 ११ जुलैची रात्र
31:25 पानशेत फुटलं, मग खडकवासला
44:20 निसेन हट आणि नव्या वसाहती
58:05 प्रश्नोत्तरं
1:02:40 प्रश्न: पानशेतची बांधणी
1:06:15 इतर प्रश्न
```

शेवटच्या तीन ओळींनी मला सर्वांत जास्त अडवलं. प्रश्नोत्तरांत कुणीतरी बांधणीचा विषय पुन्हा काढला आणि काकांनी मूळ भाषणात नसलेली माहिती दिली. ती 12:37 च्या चॅप्टरला जोडता येत नाही, कारण चॅप्टर व्हिडिओच्या क्रमानेच जातात, विषयाच्या नाही. म्हणून तिला स्वतंत्र ओळ दिली. पण ती दिल्याबरोबर पुढचे सगळे प्रश्न 'पानशेतची बांधणी' या नावाखाली गेले असते, म्हणून 1:06:15 ची ओळ घालावीच लागली. 'इतर प्रश्न' हे नाव मला आवडत नाही. पण तिथे सात मिनिटांत सहा लहान प्रश्न आहेत आणि एकाचं नाव दिलं तर बाकी पाच जणांवर अन्याय होतो.

नावांच्या बाबतीत एकच सांगते. हायलाइटचं नाव चटका लावणारं असलं तर शोभतं. चॅप्टरचं नाव आत जे आहे ते सगळं झाकणारं हवं आणि ओळखीचा शब्द आधी यायला हवा, कारण मोबाइलवर लांब नाव शेवटाकडून कापलं जातं. 'धरण बांधताना झालेल्या चुकांविषयी काकांचं मत' असं लिहिलं असतं तर मावशीला 'धरण बांधताना झा…' एवढंच दिसलं असतं.

काटा आणणारे ते क्षण मी टाकून दिले नाहीत. त्यांच्या वेळा डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टरच्या यादीत मिसळल्या की पुन्हा तोच गोंधळ, म्हणून आता त्या व्हिडिओखाली कमेंट करून ती वर पिन करते. तिथेही वेळ दाबली की व्हिडिओ त्या जागी जातो. लकडी पुलाची 4:10 ची आठवण तिथे पहिल्या ओळीत आहे.