सिंक सर्व्हरचा पत्ता फायरवॉलमधून सोडा: आयटी विभागाला जाणाऱ्या अर्जामागची पार्श्वभूमी

रत्नागिरी-मालवण पट्ट्यातल्या महाविद्यालयांत मत्स्यविज्ञान किंवा सागरी जीवशास्त्रात संशोधन करणारी मुलं संदर्भ जमवायला झोटेरो वापरतात. बांगड्याच्या प्रजननावरचा एखादा निबंध लॅबच्या संगणकावर साठवला की रात्री घरच्या लॅपटॉपवर तो आपोआप दिसावा, हे सिंकचं काम. ते अडतं तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "नोंद दिसते, पण पीडीएफ उघडत नाही." अर्ज नीट लिहायचा तर हे वाक्य आधी समजून घ्यायला हवं. नोंद, म्हणजे निबंधाचं नाव-लेखक वगैरे तपशील, आणि पीडीएफ वेगवेगळ्या पत्त्यांवर जातात, आणि नेटवर्कची ये-जा तपासणाऱ्या फायरवॉलने त्यांतल्या एकालाच वाट दिलेली असते.

अशा अर्जात पूर्वी एक आयपी क्रमांक आणि एक पोर्ट लिहिला की पुरायचं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेले पहिले फायरवॉल पॅकेट गाळणारे होते. पॅकेट कुठून आलं, कुठे चाललं आणि कुठल्या पोर्टवर, एवढंच ते नियमांच्या तक्त्याशी ताडून बघत. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने त्या काळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं अडवून धरली, आणि दार बंद ठेवून गरजेपुरतं उघडायची रीत त्यानंतर जोर धरू लागली. पुढे जोडणीची अवस्था लक्षात ठेवणारे फायरवॉल आले. आतल्या संगणकाने बाहेर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते आत येऊ देतात, मात्र बाहेरून स्वतःहून आलेली जोडणी अडवतात.

हा भेद आजच्या अर्जातही स्पष्ट लिहावा लागतो. "फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा" असं वाचलं की आयटी विभागाला बाहेरून आत येणारी वाट डोळ्यांसमोर येते आणि ते हात आखडता घेतात. त्यांची काळजी रास्त आहे. सिंकला तशी वाट लागतच नाही. जोडणी आतून बाहेर जाते, टीसीपी 443 वर, म्हणजे नेहमीच्या एचटीटीपीएसच्याच पोर्टवर.

क्रमांक लिहून भागेनासं झालं ते क्लाउडमुळे. ॲमेझॉनची एस-3 ही साठवण सेवा मार्च 2006 मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या केंद्राने झोटेरो प्रसिद्ध केलं. झोटेरोच्या साठवणीतल्या फाइली एस-3 वर राहतात. तिथे एका नावामागे अनेक आयपी क्रमांक असतात, ते बदलत राहतात आणि एकाच क्रमांकामागे असंख्य ग्राहक असतात. आज नावामागचा क्रमांक दाखवणारी `nslookup` आज्ञा देऊन मिळालेला क्रमांक नियमात घातला तर चार दिवस सिंक चालतं आणि पुन्हा बंद पडतं. अधूनमधून चालणारं सिंक हीच त्या चुकीची खूण.

म्हणून नियम नावावर लिहायचा. फायरवॉलला ते जमतं, कारण एचटीटीपीएसची जोडणी सुरू होताना संगणक कुठल्या नावाकडे चाललाय ते सहसा उघडपणे सांगतो. एसएनआय नावाची ही सोय 2003 मध्ये प्रमाणित झाली. तपासणी करताना मात्र ती चकवते. पोर्टची चाचणी यशस्वी दिसते, कारण टीसीपी जोडणी आधी होते. नाव कळल्यावर फायरवॉल ती तोडतो. म्हणून पोर्ट तपासून थांबू नये, पूर्ण विनंती पाठवून पाहावी:

```
curl -I https://api.zotero.org
curl -I https://zoterofilestorage.s3.amazonaws.com
```

दुसऱ्या ओळीला `403` आलं तर घाबरू नये. हा नकार बहुधा साठवणीच्या सर्व्हरचा असतो, म्हणजे तिथवर पोहोचलात. उत्तरात फायरवॉलचं नाव किंवा अडवल्याचं पान असेल, नुसतंच थांबून राहिलं किंवा जोडणी तुटली, तर वाट बंद आहे. हेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही करून पाहावं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइन जाणं नित्याचं, त्यामुळे पहिलं उत्तर "लाइनचा प्रॉब्लेम असेल" असंच मिळतं. एकाच लॅपटॉपवर, एकाच वेळी, हॉटस्पॉटवर चालतं आणि लॅबच्या नेटवर्कवर इतर संकेतस्थळं उघडत असूनही हे चालत नाही, एवढं दाखवलं की तो प्रश्न मिटतो.

पत्त्यांची यादी आठवणीतून लिहू नये. झोटेरोच्या Help मेनूतल्या Debug Output Logging ने लॉग सुरू करावा, एकदा सिंक करावं आणि अडलेली विनंती कुठल्या नावाकडे गेली ते बघावं. संदर्भांच्या नोंदी `api.zotero.org` कडे जातात. दुसऱ्या संगणकावर बदल झाल्याची वर्दी `stream.zotero.org` वरून येते. ही वेबसॉकेट जोडणी उघडी राहते, त्यामुळे मध्ये बसलेले काही प्रॉक्सी सर्व्हर तिला तोडतात. तेव्हा बदल उशिरा दिसतो, पण हाताने सिंक केलं की येतो. विभाग फाइलींसाठी स्वतःचा वेबडॅव्ह सर्व्हर वापरत असेल तर एस-3 च्या जागी त्याचा पत्ता येतो. `*.amazonaws.com` मात्र मागू नये. त्या नावाखाली कुणाचंही काहीही असू शकतं, आणि चांगला सुरक्षा अधिकारी ते नाकारेल.

आणखी एक अडथळा अलीकडचा. बहुतेक वेब एचटीटीपीएसवर गेल्यावर अनेक संस्थांनी ती जोडणी मध्येच उघडून तपासायला सुरुवात केली. त्यासाठी फायरवॉल संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या खऱ्या प्रमाणपत्राच्या जागी संस्थेचं प्रमाणपत्र देतो. विंडोजला ते मान्य असतं, कारण आयटी विभागाने ते आधीच बसवलेलं असतं. झोटेरो फायरफॉक्सच्या पायावर बांधलेलं आहे आणि विश्वासू प्रमाणपत्रांची त्याची यादी वेगळी असू शकते. ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि झोटेरो प्रमाणपत्राची चूक दाखवतं, असं झालं तर पत्त्याला नुसती वाट देऊन भागणार नाही. त्या नावांना तपासणीतून सूटही मागावी लागेल.

वापर किती होईल, हेही आयटी विभाग विचारतोच. झोटेरोची मोफत साठवण 300 एमबी. 10 एमबीपीएसच्या लाइनवर ती पूर्ण चढवायला साधारण 4 मिनिटं लागतात. बारा जणांनी पहिलं सिंक एकदम केलं तर तीच लाइन पाऊण तासाच्या वर भरलेली राहील, म्हणून पहिलं सिंक कामाच्या वेळेनंतर करू असं अर्जातच लिहावं. नंतर फक्त बदल जातात.

या सगळ्यातून अर्ज असा उतरतो:

> विषय: झोटेरो सिंकसाठी तीन पत्ते फायरवॉलमधून सोडण्याबाबत
>
> महोदय,
> विभागाच्या संशोधन लॅबमधल्या 12 संगणकांवर झोटेरोच्या नोंदी सिंक होतात, पीडीएफ होत नाहीत. एका लॅपटॉपवर लॅबच्या नेटवर्कवरही असंच होतं, मात्र त्याच लॅपटॉपवर मोबाइल हॉटस्पॉटवरून दोन्ही होतात. चाचणीची वेळ, संगणकाचा आयपी आणि त्रुटीचा संदेश सोबत जोडला आहे.
> कृपया लॅबच्या व्हीलॅनमधून खालील नावांना फक्त बाहेर जाणारी, टीसीपी 443 ची परवानगी द्यावी:
> `api.zotero.org`
> `stream.zotero.org` (वेबसॉकेटसह)
> `zoterofilestorage.s3.amazonaws.com`
> आयपी बदलत असल्याने नियम नावावर असावा. एचटीटीपीएस तपासणी सुरू असल्यास या तीन नावांना सूट द्यावी. बाहेरून आत येणारा कोणताही पोर्ट उघडण्याची गरज नाही. पहिलं सिंक संध्याकाळी 6 नंतर करू.

चाचणीची वेळ आणि आयपी ही ओळ गाळू नये. फायरवॉलच्या लॉगमध्ये दिवसाला लाखो ओळी असू शकतात. "सकाळी 11.42, अमुक संगणक" असं दिलं तर नेमका कुठला नियम आडवा आला ते काही मिनिटांत सापडतं, आणि कधीकधी तो नियम पत्त्याचा नसून "फाइल साठवण" नावाच्या अख्ख्या वर्गवारीवर घातलेला निघतो. तसं असेल तर या तीन नावांची परवानगी त्या बंदीच्या वर बसवायला सांगावी, कारण तक्त्यात जो नियम आधी जुळतो तोच सहसा लागू होतो.