नदीपलीकडचं गाव जवळ नसतं

जून उजाडला की पूर्व विदर्भात बियाणं आणि खतांच्या टेम्पोंची धावपळ सुरू होते. तालुक्याच्या गोदामातून माल भरायचा, गावोगावच्या कृषी केंद्रांवर उतरवायचा आणि अंधार पडायच्या आत मोकळं व्हायचं. कोणत्या गावाला आधी जायचं, हे ड्रायव्हर अनुभवाने ठरवतो. चार-पाच गावं असतील तर ते उत्तम जमतं. पण थांबे पंधरा झाले, की ते लावण्याचे क्रम होतात एक लाख तीस हजार कोटींहून जास्त. तिथे संगणकाची मदत घ्यावी लागते. गंमत अशी, की क्रम लावणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, कितीही हुशार असला तरी त्याला नकाशा दिसत नाही. त्याच्यासमोर असतो फक्त एक तक्ता: या थांब्यापासून त्या थांब्यापर्यंत किती अंतर. तो तक्ता कसा भरला, यावर सगळं अवलंबून असतं.

सोपं उदाहरण घेऊ. वैनगंगेसारखी उत्तर-दक्षिण वाहणारी नदी धरा. पूल एकच, दक्षिणेला, आणि गोदाम पुलाच्या पश्चिम टोकालाच. दोन्ही काठांनी रस्ते उत्तरेकडे जातात. पश्चिम काठावर ४ किलोमीटरवर ‘क’ गाव आणि १० किलोमीटरवर ‘ग’ गाव. पूर्व काठावर पुलापासून ७ किलोमीटरवर ‘ख’ आणि १३ किलोमीटरवर ‘घ’. दोन काठांच्या रस्त्यांमधलं अंतर, म्हणजेच पुलावरून जायचं अंतर, १ किलोमीटर. ड्रायव्हरचं घर ‘घ’ मध्ये आहे, त्यामुळे शेवटचा थांबा तोच आणि मुक्कामही तिथेच.

आता तक्त्यात सरळ रेषेतली अंतरं भरली, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून कावळा उडेल तसं मोजलं, तर क ते ख जेमतेम ३.२ किलोमीटर. ख ते ग तेवढंच, ग ते घ तेवढंच. सॉल्व्हर खुशीत क, ख, ग, घ असा क्रम देतो आणि एकूण अंतर सांगतो साडेतेरा किलोमीटर. टेम्पो मात्र उडत नाही. क वरून ख ला जायला ४ किलोमीटर मागे पुलापर्यंत, १ किलोमीटर पूल आणि ७ किलोमीटर वर, असे १२ किलोमीटर लागतात. ख ते ग १८ आणि ग ते घ २४. गोदामापासून क पर्यंतचे ४ धरून एकूण ५८ किलोमीटर, आणि पूल तीनदा ओलांडायचा.

तोच सॉल्व्हर, तेच थांबे, पण तक्त्यात रस्त्याची अंतरं भरू. सॉल्व्हरची एक जुनी, साधी युक्ती आहे, तिला ‘टू-ऑप्ट’ म्हणतात: मार्गातले दोन टप्पे तोडायचे, मधला तुकडा उलटा करायचा आणि पुन्हा जोडायचा. अंतर कमी झालं तर बदल ठेवायचा, नाही तर सोडून द्यायचा. आपल्या मार्गात क-ख (१२) आणि ग-घ (२४) हे टप्पे तोडले आणि मधला ख-ग उलटा केला, तर नवे टप्पे होतात क-ग (६) आणि ख-घ (६). ३६ गेले, १२ आले. एका फटक्यात २४ किलोमीटर वाचले आणि मार्ग झाला क, ग, ख, घ: एकूण ३४. आधी अलीकडचा काठ संपवायचा, मग पूल एकदाच ओलांडायचा. कोणताही मुरलेला ड्रायव्हर हेच सांगेल. पण पंधरा-वीस थांबे, दोन पूल आणि मधे चार नाले असले, की तोंडी हिशेब तुटतो.

इथे एक प्रामाणिक नोंद हवी. टेम्पो संध्याकाळी गोदामात परतणार असता, तर सरळ रेषेच्या तक्त्यावरूनही क, ग, घ, ख हा क्रम आला असता, आणि रस्त्याच्या हिशेबातही त्याहून चांगला क्रम सापडला नसता. म्हणजे सरळ रेषा दर वेळी फसवतेच असं नाही. पण फेरीची लांबी तिने २६ किलोमीटर सांगितली असती, खरी भरते ४८. क्रम नशिबाने बरोबर येतो; डिझेल आणि वेळेचा अंदाज तेव्हाही चुकतोच.

रस्त्याच्या अंतरांचा आग्रह नवा नाही. १९५४ साली डँटझिग, फुलकर्सन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांच्या फेरीचा सर्वात छोटा मार्ग सिद्ध करून दाखवला, तेव्हाही अंतरं रस्त्यांच्या अ‍ॅटलासमधून घेतली होती. आज ते काम ओएसआरएमसारखं मोफत रूटिंग इंजिन, म्हणजे रस्त्याने वाट शोधणारा प्रोग्राम, करतं. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून काढलेला, नकाशा त्यात भरून ठेवला, की सगळ्या थांब्यांचा तक्ता एकाच विनंतीत मिळतो:

```
/table/v1/driving/79.65,21.17;79.70,21.10?annotations=duration,distance
```

तीस थांबे आणि एक गोदाम असेल तर त्यात ९३० आकडे भरतात. जाण्याचं आणि येण्याचं अंतर वेगळं मोजलं जातं, कारण दुभाजक असलेल्या महामार्गावर समोरच्या पेट्रोल पंपाकडे जायलाही पुढून वळून यावं लागतं. मग हा तक्ता व्हरूम किंवा ओआर-टूल्ससारख्या सॉल्व्हरला द्यायचा. तो टू-ऑप्टसारखे हजारो फेरफार करून पाहतो. मोठ्या कामात मिळालेलं उत्तर सर्वोत्तमच असेल याची हमी नसते, पण ते सहसा त्याच्या जवळपास असतं.

चुका होतात त्या बहुतेक तक्ता भरताना. वरच्या ओळीत रेखांश आधी आहे, अक्षांश नंतर; मोबाइलवरचा नकाशा उलटं दाखवतो. अदलाबदल झाली, तर भंडाऱ्याजवळचा थांबा थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जातो. ही चूक निदान लगेच दिसते. लपून राहते ती दुसरी. इंजिन प्रत्येक थांबा जवळच्या रस्त्यावर नेऊन चिकटवतं. दुकान नाल्याच्या काठी असेल आणि पलीकडचा रस्ता अलीकडच्यापेक्षा जवळ असेल, तर थांबा पलीकडे चिकटतो आणि त्या गावाची सगळीच अंतरं बिघडतात. उत्तरात प्रत्येक थांब्यापुढे `distance` नावाचा आकडा येतो: थांबा किती मीटर सरकवला तो. शंभर-दोनशे मीटर दिसले, की तो थांबा नकाशावर उघडून पाहावा.

आणखी एक तपासणी मला फार उपयोगी वाटते. रस्त्याच्या अंतराला सरळ रेषेच्या अंतराने भागायचं. साधारण सपाट मुलखात उत्तर सव्वा ते दीडच्या आसपास येतं. आपल्या उदाहरणात क-ख साठी ते जवळपास पावणेचार येतं आणि ग-घ साठी साडेसात. असा आकडा दिसला तर मधे खरंच नदी आहे, नाही तर तिथला पूल नकाशात कोणी काढलेलाच नाही. कोणतं खरं, ते त्या भागातल्या माणसालाच विचारावं लागतं.

नकाशात नसतो तो पाऊस. नाल्यावरचा रपटा नकाशावर बारमाही रस्ता असतो. जुलैत त्यावरून पाणी जातं. पांदण रस्ता उन्हाळ्यात जवळचा वाटतो, पण काळ्या मातीत पाऊस मुरला की टेम्पो तिथेच रुततो. ओएसआरएममध्ये रस्त्याच्या एखाद्या तुकड्याचा वेग शून्य केला, की तो तुकडा बंद धरला जातो आणि तक्ता नव्याने निघतो. त्यामुळे सकाळी माल भरायच्या आधी पहिला फोन गावच्या दुकानदाराला करायचा: रपट्यावर पाणी आहे का? तो ‘हो’ म्हणाला, तर कालचा तक्ता वापरायचा नाही. आणि क्रम पक्का झाल्याशिवाय गाडी भरायची नाही, कारण शेवटच्या गावाची पोती सगळ्यात आत जातात.