चिंचेची आमटी, जर्मनचं पातेलं आणि कल्हईचा नियम

पितळेच्या पातेल्यातलं ताक कळकलं, असं आजी म्हणायची. आंबट आमटी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात रात्रभर ठेवावी का, आणि नियमांचा कडकपणा तांब्यापितळेपुरताच का, या प्रश्नाचं मूळ त्या एका क्रियापदात आहे. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यापितळेत राहिला की त्याला तुरट, धातूसारखी चव येते, कडेला हिरवट रंग चढतो आणि मळमळतं. चिंचेतलं आम्ल मुख्यतः टार्टारिक आम्ल असतं. तांबं नुसत्या आम्लात सहज विरघळत नाही, पण हवेतला ऑक्सिजन सोबत असला की विरघळतं. म्हणून उकळत्या आमटीपेक्षा झाकून ठेवलेल्या, कोमट, रात्रभर तशाच राहिलेल्या आमटीचा धोका जास्त.

यावरचा उपाय म्हणजे कल्हई. दारावर आलेला कल्हईवाला जमिनीत छोटी भट्टी करायचा आणि भाता चालवून भांडं तापवायचा. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं. भांडं पाण्यात टाकलं की चर्र आवाज आणि आतून चांदीसारखी झळाळी. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं कोरडं तापवलं की थर ओघळतो. कल्हई गेली हे ओळखणं सोपं आहे. आतून लालसर किंवा पिवळा धातू डोकावू लागला की त्या भांड्यात चिंच, कोकम, ताक घालायचं नाही. खरी फसगत वेगळीच असते. स्वस्तात काम उरकायला कथलात शिसं मिसळलं तर तो थर दिसायला कल्हईच असतो आणि खायला विष. दक्षिणेत रसम शुद्ध कथलाच्या भांड्यात करण्याची रीत आहे. त्या भांड्याचं तमिळ नाव ज्या शब्दावरून आलं, तो कथील आणि शिसं दोन्हींसाठी वापरला जातो. त्यामुळे तिथेही खरेदी करताना नक्की धातू कोणता, हे विचारून घ्यावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियम आपल्या स्वयंपाकघरात उशिरा आलं. १८८६ नंतर विजेच्या साहाय्याने ते स्वस्तात काढता येऊ लागलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये त्याची भांडी बनू लागली. आपल्याकडे त्याला जर्मन म्हणतात. 'जर्मन सिल्व्हर' हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू मात्र निराळा, त्याच्याशी गल्लत नको. इंग्रजांनी कैद्यांना मंद विष देण्यासाठी ही भांडी आणली, असा निरोप फोनवर सारखा फिरतो. तो खोटा मानायला एवढं पुरेसं आहे की ही भांडी घरोघरी लोकांनी स्वतः पैसे देऊन घेतली. त्यांना कल्हई लागत नव्हती, ती हलकी होती आणि पितळेपेक्षा खूप स्वस्त होती.

कायदा आला तो १९५५ मध्ये, अन्नभेसळीच्या नियमांतून. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीही तीच भाषा जवळपास जशीच्या तशी उचलली. वादाची जागा हीच. नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात केलेलं अन्न या नियमांनुसार खाण्यास अयोग्य ठरायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत फक्त एवढंच पाहिलं जायचं की धातूची रचना भांड्यांसाठीच्या भारतीय मानकाला धरून आहे की नाही. आत काय ठेवलं आणि किती वेळ ठेवलं, याबद्दल नियमात चकार शब्द नव्हता. तांब्याच्या नियमाला मात्र एक बोलका अपवाद होता: साखरेची मिठाई आणि सुगंधी तेलं बिनकल्हईच्या तांब्यात करायला परवानगी होती. पाकात आम्ल नसतं, म्हणून ही सूट असावी. म्हणजे नियम करणाऱ्यांना आम्लाचं गणित ठाऊक असावं. ते अ‍ॅल्युमिनियमला लावलं नाही, ही माझ्या मते चूकच झाली.

तरीही तांब्यावर जास्त कडक होण्यात दम होता, हे पुढे पुण्यातच दिसलं. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार इथल्या बालरोगतज्ज्ञांनी अभ्यासला. या मुलांच्या यकृतात तांबं भरमसाट साठलेलं होतं आणि त्यांना फार लहान वयात तांब्यापितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेलं वरचं दूध पाजलं जात होतं. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दूध आंबट नसतं, पण त्यातलं प्रथिन तांबं धरून ठेवतं. जनुकीय कल असल्याशिवाय आजार होत नाही, असं काहींचं म्हणणं होतं आणि तो मुद्दा पूर्ण मिटलेला नाही. पण घरात स्टील आणि जर्मन आल्यावर हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ज्या जर्मनला आज शिव्या बसतात, त्याचाही यात वाटा आहे.

अ‍ॅल्युमिनियमची भीती दुसऱ्या वाटेने आली. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर बदल दिसले. सत्तरच्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम रुग्णांच्या मेंदूला बाधतं हे सिद्ध झालं. त्यातून स्मृतिभ्रंशाची शंका घरातल्या कढईपर्यंत पोहोचली, पण भांड्यामुळे तो होतो हे आजवर दाखवता आलेलं नाही. निरोगी माणसाच्या आतड्यातून खाल्लेल्या अ‍ॅल्युमिनियमचा हजारातला एखाद-दोन भागच रक्तात जातो आणि तोही मूत्रपिंडं बाहेर टाकतात. मूत्रपिंडं निकामी असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातलं आंबट टाळावंच.

मग रात्रभर राहिलेल्या सांबाराचं काय? अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. आम्लता वाढली, पी-एच साधारण चारच्या खाली गेला की तो टिकत नाही, आणि मीठ त्याला ठिकठिकाणी भोकं पाडतं. सकाळी असं पातेलं रिकामं करून पाहा. सांबार जिथपर्यंत होतं तिथे एक रेघ दिसते. रेघेच्या वर जुना काळपटपणा असतो आणि खाली पत्रा चकचकीत होतो. काळं पडलेलं पातेलं चिंच उकळून लख्ख करण्याची युक्ती घरोघरी माहीत आहे. सांबार तेच काम करतं, फक्त निघालेला थर आपल्या पोटात जातो.

किती जातो, ते उदाहरण घेऊन पाहू. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने अ‍ॅल्युमिनियमची आठवड्याची मर्यादा २००६ मध्ये शरीराच्या दर किलोमागे ७ वरून १ मिलिग्रॅमवर आणली आणि २०११ मध्ये ती २ केली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आठवड्याला १२० मिलिग्रॅम, दिवसाला साधारण १७. समजा रात्रभर ठेवलेल्या सांबारात किलोमागे १० मिलिग्रॅम उतरलं, तर दोन वाट्यांत, म्हणजे ३०० ग्रॅममध्ये ३ मिलिग्रॅम. एका दिवसाने काही बिघडत नाही. पण १५ किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा चारच मिलिग्रॅमची आहे. त्याच्या एका वाटीतच दीड मिलिग्रॅम गेलं, शिवाय चहा, भाज्या आणि बेकरीच्या पदार्थांतलं वेगळं. रोज असं होत असेल तर ही सवय मोडायला हवी.

भंगार वितळवून ओतलेल्या कढयांना हे गणित लागू नाही. त्यात शिसं येऊ शकतं आणि आंबटात तेही उतरतं. मानकाची अट तिथे खरी कामाची आहे. अ‍ॅनोडाइज्ड भांड्यावरचा थर जाड असतो, तो ओरखडे पडेपर्यंत टिकतो. बाकी जर्मनच्या पातेल्यात आमटीला उकळी आणायला हरकत नाही. जेवण झालं की उरलेली आमटी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून ठेवायची, आणि तांब्याच्या हंडीत ठेवायचीच असेल तर आधी आतली कल्हई उजेडात धरून बघायची.