सदतीसचे १००१०१ आणि १००१०१ चे सदतीस

कॉम्प्युटरच्या पहिल्या धड्याच्या वर्कशीटवर हे दोन प्रश्न हमखास एकाखाली एक येतात. पहिला: ३७ ही दशमान संख्या बायनरीत लिहा. दुसरा: १००१०१ ही बायनरी संख्या दशमानात लिहा. एकात २ ने भागायचं असतं, दुसऱ्यात २ च्या घातांनी गुणायचं असतं. पण दोन्हीकडे तोच दोनचा आकडा आणि तीच ०-१ ची रांग दिसते, म्हणून मुलं एकाची रीत दुसऱ्याला लावतात. मी हा धडा बरीच वर्षं शिकवतोय. माझा अनुभव असा, की मुलांना भागाकार येत नाही असं क्वचितच असतं. अडतं ते निघालेली बाकी कुठल्या घराची आहे, या प्रश्नावर.

आधी पहिलं गणित पूर्ण करू. एकही पायरी न गाळता.

```
३७ ÷ २ = १८   बाकी १
१८ ÷ २ =  ९   बाकी ०
 ९ ÷ २ =  ४   बाकी १
 ४ ÷ २ =  २   बाकी ०
 २ ÷ २ =  १   बाकी ०
 १ ÷ २ =  ०   बाकी १
```

भागाकार शून्य आला की थांबायचं. मग बाकीचा रकाना खालून वर वाचायचा: १, ०, ०, १, ०, १. उत्तर १००१०१.

"खालून वर" हे पाठ करून घेतलं की परीक्षेपुरतं भागतं, पण पंधरा दिवसांनी विसरायला होतं. म्हणून मी टेबलावर ३७ पणत्या मांडतो. त्यांच्या जोड्या लावा म्हटलं की १८ जोड्या होतात आणि १ पणती सुटी राहते. ही पहिली बाकी, म्हणजे सुट्या पणत्यांची संख्या. आता १८ जोड्यांच्या पुन्हा जोड्या लावायच्या, म्हणजे चार-चारचे गठ्ठे करायचे. ते ९ होतात आणि सुटी जोडी एकही उरत नाही. ही दुसरी बाकी ०. चारच्या ९ गठ्ठ्यांतून आठचे ४ गठ्ठे होतात, चारचा १ गठ्ठा उरतो. आठचे ४ म्हणजे सोळाचे २, आठचा सुटा गठ्ठा नाही. सोळाचे २ म्हणजे बत्तीसचा १, सोळाचा सुटा नाही. बत्तीसचा गठ्ठा एकच आहे, त्याला जोडीदार मिळत नाही, म्हणून तो १ बाकी राहतो.

इतकं हाताने केलं की दिसतं: पहिली बाकी सर्वांत लहान घराची असते आणि शेवटची सर्वांत मोठ्या घराची. आपण संख्या लिहिताना मोठं घर डावीकडे आणि एकक उजवीकडे ठेवतो. म्हणून शेवटची बाकी आधी लिहायची.

लहान घर उजवीकडेच असावं, हा मात्र आपण घालून घेतलेला नियम आहे. वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मांडतो. त्यांच्या मांडणीचा पिंगलाच्या छंदःशास्त्रात एक जुना विधी आहे, त्याला नष्ट म्हणतात. मांडणीचा क्रमांक दिला की त्यातले लघु-गुरू शोधायचे. क्रमांक सम असेल तर निम्मा करून लघु लिहायचा, विषम असेल तर एक मिळवून निम्मा करून गुरू लिहायचा, आणि हेच पुढे चालू ठेवायचं. तिथे पहिलं अक्षर सर्वांत लवकर बदलतं, त्यामुळे निघालेली चिन्हं वरून खाली निघतात तशीच डावीकडून उजवीकडे लिहिली जातात, उलटवावी लागत नाहीत. याच्या उलट दिशेचा, म्हणजे लघु-गुरूंवरून क्रमांक काढण्याचा विधी आहे, तो उद्दिष्ट. वर्कशीटवरची आपली दोन गणितंही अशीच जोडीची आहेत.

आता दुसरं गणित. १००१०१ हे "एक लाख एकशे एक" असं वाचू नका, "एक शून्य शून्य एक शून्य एक" असं वाचा. कारण जो लाख म्हणून वाचतो, तो पुढे भागायलाच बसतो: १००१०१ ÷ २ = ५००५०, बाकी १; ५००५० ÷ २ = २५०२५, बाकी ०... असं करत सतरा ओळींनंतर हातात येते ०-१ ची सतरा अंकी रांग. प्रश्नात दशमान संख्या मागितली होती आणि उत्तरात २ पासून ९ पर्यंतचा एकही अंक नाही, तर चूक तिथेच ओळखावी.

योग्य रीत म्हणजे गठ्ठे सोडवणं. उजवीकडून घरांच्या किमती लिहा: १, २, ४, ८, १६, ३२. मग प्रत्येक अंक त्याच्या किमतीखाली ठेवा.

```
किंमत   ३२  १६   ८   ४   २   १
अंक      १   ०   ०   १   ०   १
```

१ आहे ती घरं उचला: ३२ + ४ + १ = ३७.

इथे भागाकार कुठेच नाही, म्हणून मुलांना ही दोन वेगळी प्रकरणं वाटतात. पण याच गणिताची आणखी एक रीत आहे आणि ती पहिल्या गणिताला थेट जाऊन भिडते. डावीकडून सुरुवात करा. हातात पहिला १ घ्या. पुढचा प्रत्येक अंक आला की हातातलं दुप्पट करा आणि तो अंक मिळवा. १ दुप्पट अधिक ० म्हणजे २. २ दुप्पट अधिक ० म्हणजे ४. ४ दुप्पट अधिक १ म्हणजे ९. ९ दुप्पट अधिक ० म्हणजे १८. १८ दुप्पट अधिक १ म्हणजे ३७. आता वर भागाकाराचा रकाना पाहा: १८, ९, ४, २, १. तीच शिडी आहे. तिथे उतरलो, इथे चढलो.

मला ही शिडी फार आवडते, आणि वर्कशीटमध्ये ती का नसते हे कळत नाही. तिचा उपयोगही आहे. उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते लगेच सापडतं. किमतींची बेरीज चुकली तर फक्त "चुकलं" इतकंच कळतं.

चुकांकडे येतो. पहिल्या गणितातली सर्वांत मोठी चूक म्हणजे बाकी वरून खाली वाचणं. ३७ च्या बाबतीत त्याने १०१००१ येतं, म्हणजे ४१. उत्तर विषमच आहे, अंकही सहाच आहेत, दिसायला काही वावगं नाही. संख्या सम असती तर चूक उघडी पडली असती. २६ च्या बाक्या ०, १, ०, १, १ अशा निघतात. खालून ११०१०, वरून ०१०११. पुढे शून्य आलेलं पाहून मूल स्वतःच थांबतं.

आणि दुसऱ्या गणितात याच चुकीचं जुळं भावंड बसलेलं असतं. किमती डावीकडून १, २, ४, ८ अशा लिहिल्या की १००१०१ चे १ + ८ + ३२ = ४१ होतात. पुन्हा ४१! समजा एकाच मुलीने दोन्ही चुका केल्या. ३७ भागून तिने १०१००१ लिहिलं. मग ताळा करायला त्याच रांगेला डावीकडून किमती दिल्या: १ + ४ + ३२ = ३७. ताळा जुळला आणि उत्तर चूक. एकदा एका मुलीने मला हाच ताळा दाखवून विचारलं, "सर, दोन्हीकडून जमलं, मग चूक कशी?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. म्हणून ताळ्याच्या आधी एक गोष्ट स्वतंत्रपणे तपासायची: संख्या विषम असेल तर उजवीकडचा शेवटचा अंक १, सम असेल तर ०. ३७ ला यातून पकडता येत नाही, कारण दोन्ही टोकांना १ आहे. तिथे पहिल्या ओळीची बाकी आणि दुसऱ्या ओळीची बाकी, म्हणजे १ आणि ०, या उजवीकडच्या दोन घरांत उजवीकडूनच आल्यात का हे बोट ठेवून पाहावं. १०१००१ मध्येही शेवटचे दोन अंक ०१ च आहेत, म्हणून तिसरी बाकीही पाहायची. ती १ आहे. १००१०१ मध्ये उजवीकडून तिसरा अंक १ आहे, १०१००१ मध्ये तो ० आहे. इथे चूक सापडते.

शून्य बाकीचीही एक अडचण आहे. भाग पूर्ण गेला की मुलं "बाकी नाही" म्हणून रकाना कोरा ठेवतात. मग ३७ चं उत्तर १११ येतं, म्हणजे ७. हे लगेच लक्षात येतं, कारण ३७ हा ३२ आणि ६४ च्या मधला आकडा आहे, म्हणजे उत्तरात सहाच अंक हवेत. हाच निकष शेवटच्या पायरीलाही लागतो. काही वह्यांत भागाकार १ वर थांबवून तो १ च सर्वांत डावीकडे लिहितात, काहींत ० पर्यंत जाऊन बाकी १ घेतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण एकात एक मिसळल्या की १ दोनदा मोजला जातो आणि ११००१०१ होतं, म्हणजे १०१. किंवा कुठेच मोजला जात नाही आणि ००१०१ उरतं, म्हणजे ५.

दुसऱ्या गणितात किमती १ ऐवजी २ पासून सुरू करणारेही असतात. त्यांचं उत्तर नेमकं दुप्पट, ७४, येतं. २ चा शून्यावा घात १ असतो हे विसरल्याने असं होतं.

एक्सेलमध्ये पडताळायचं तर हे दोन पुरेत:

```
=DEC2BIN(37)
=BIN2DEC(100101)
```

पहिल्यात ५११ च्या वरचा आकडा देऊ नका. ५१२ टाकलं की `#NUM!` येतं, कारण हे फंक्शन दहाच बिटांत काम करतं आणि त्यातला एक बिट ऋण-धन चिन्हासाठी वापरतं. ५१२ चं बायनरी हाताने मात्र सरळ निघतं: १ आणि त्यापुढे नऊ शून्यं.

पूर्वी मी नमुना म्हणून ४५ द्यायचो. ४५ चं बायनरी १०११०१, आणि ते उलटं वाचलं तरी तेच. वरून वाचणारा आणि खालून वाचणारा, दोघांनाही बरोबरची खूण मिळायची, आणि पुढच्या गणितात अर्धा वर्ग चुकायचा. ५, ७, ९, २१, २७ यांचंही तसंच आहे. आता नमुन्याला मी २६ देतो, कारण चूक केली की डावीकडचं शून्य लगेच दिसतं. दुसरं गणित ३७ चं ठेवतो. २१ आणि ४५ अगदी शेवटी, "हे उलटं वाचूनही तेच का येतं?" या प्रश्नासाठी.