हळदीच्या दुकानाला कोणतं प्रमाणपत्र?

मेहुण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. समुद्रपूर तालुक्यात त्याचं हळद दळून पाकिटं भरायचं काम आहे. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून पुण्या-मुंबईकडूनही विचारणा येते, म्हणून त्याने साइट करायला घेतली. साइट करून देणाऱ्याने एसएसएल प्रमाणपत्राचे, म्हणजे ब्राउझरला साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याचे, तीन पर्याय लिहिले होते: डीव्ही फुकट, ओव्ही वर्षाला 5,000, ईव्ही वर्षाला 14,000. ईव्हीसमोर ‘सर्वात सुरक्षित’ असा शेरा होता. खाली मेहुण्याचा प्रश्न: "भाऊजी, हे मोठंवालं घ्याच लागते का?"

तो शेरा खोटा आहे, आणि तो का खोटा हे कळलं की अर्धा निर्णय होऊन जातो. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन नंबर वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ब्राउझर आणि सर्व्हर मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. किल्ली किती मजबूत हे त्या दोघांवर अवलंबून असतं, प्रमाणपत्राच्या प्रकारावर नाही. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की सर्व्हरकडची सार्वजनिक किल्ली या डोमेनचीच आहे. फुकटच्या डीव्हीवर आणि 14,000 च्या ईव्हीवर चालणारं कुलूप एकच.

फरक आहे तो चौकशीत. आपल्याकडे जमिनीचा ताबा एक आणि सातबाऱ्यावरचं नाव दुसरं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डीव्ही म्हणजे डोमेन व्हॅलिडेशन फक्त ताबा बघतं. प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणते, मी देते तो मजकूर तुझ्या साइटवर या ठिकाणी ठेवून दाखव, किंवा डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या नोंदवहीत, ही ओळ टाकून दाखव. ठेवता आलं तर डोमेन तुझ्या हातात आहे. तू कोण, हळद खरी की भेसळीची, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

ओव्ही म्हणजे ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन सातबाराही बघतं. व्यवसाय सरकारदरबारी नोंदलेला आहे का, पत्ता तोच आहे का, आणि अर्ज खरंच त्याच व्यवसायाकडून आला का. ईव्हीत, म्हणजे एक्स्टेंडेड व्हॅलिडेशनमध्ये, याहून खोल जातात: नोंदणी क्रमांक, प्रत्यक्ष जागा, सही करणाऱ्याचा अधिकार. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीला हे तुलनेने सोपं जातं, कारण तिची नोंद सरकारी यादीत थेट सापडते. एकट्या मालकाच्या गृहउद्योगाला नियम बंदी करत नाहीत, पण मालकाच्या ओळखीची समोरासमोर पडताळणी लागते, आणि हे सगळं करत कोण बसणार?

मेहुण्याचं ओव्ही कुठे अडलं असतं ते मी कागदावर मांडून पाहिलं. जीएसटीला व्यवसायाचं नाव एक, पाकिटावरचा ब्रँड दुसरा. प्रमाणपत्रात नाव येणार ते नोंदणीतलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ओळखीचं नसलेलं. पत्ता ‘गट नंबर अमुक, मु. पो. तमुक’ असा, आणि तो सगळीकडे सारखा लिहिलेला नाही. शिवाय खात्री करायला संस्था फोन करते तो अर्जातल्या नंबरावर नाही. स्वतंत्र, भरवशाच्या ठिकाणी सापडलेल्या नंबरावर. त्याचा नंबर पाकिटाशिवाय कुठेच छापलेला नव्हता. यातून वाट निघते, उदाहरणार्थ सीएकडून साक्षांकित पत्र आणता येतं, पण ती पुन्हा खेट्यांची वाट.

बरं, एवढं करून गिऱ्हाइकाला दिसतं काय? पूर्वी ईव्ही असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये कंपनीचं नाव हिरव्या अक्षरात यायचं. 2017 साली इयान कॅरोल या संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘स्ट्राइप, इंक’ नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि तिच्या नावाने ईव्ही मिळवलं. पैशांचे व्यवहार सांभाळणारी प्रसिद्ध स्ट्राइप वेगळ्या राज्यात नोंदलेली. बारमध्ये नाव मात्र हुबेहूब तेच. फसवणूक कुठेच नव्हती, एकाच नावाचे दोघे असू शकतात एवढंच. 2019 मध्ये क्रोम 77 आणि फायरफॉक्स 70 यांनी ते नाव बारमधून काढलं. 2023 मध्ये क्रोमने कुलपाचं चिन्हही काढून टाकलं, कारण लोक कुलपाचा अर्थ ‘ही साइट भरवशाची’ असा घेत होते. आज ईव्हीतलं नाव बघायला गिऱ्हाइकाला दोन-तीन वेळा टिचकी मारून आत शिरावं लागतं. हळद घेताना ते कोण करेल?

स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर एवढं पुरतं (डोमेन आपलं घालावं):

```
openssl s_client -connect haldi.example:443 \
  -servername haldi.example </dev/null \
  | openssl x509 -noout -subject -dates
```

डीव्हीत `subject` मध्ये डोमेनचं नाव असतं, बस. ओव्हीत त्याच ओळीत `O` पुढे व्यवसायाचं नाव आणि सोबत राज्य, देश येतात. ईव्हीत त्यात नोंदणी क्रमांकाची भर.

आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र फुकट देणाऱ्या संस्थेचं डीव्ही घेतलं. पहिल्याच फटक्यात ते नापास झालं! साइट मोबाइलवर नीट उघडत होती, तरी संस्थेला तो तपासणीचा मजकूर सापडेना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की डोमेनच्या डीएनएसमध्ये जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही6 पत्ता, म्हणजे `AAAA` ओळ, तशीच राहिली होती. माझा मोबाइल नव्या सर्व्हरवर जात होता. लेट्स एन्क्रिप्ट मात्र आयपीव्ही6 असेल तर आधी तिकडे जातं, आणि तिथला जुना सर्व्हर `/.well-known/acme-challenge/` या पत्त्यावर ‘404’ म्हणत होता. ती ओळ काढली, डीएनएस बदलायला थोडा वेळ दिला, आणि प्रमाणपत्र मिनिटभरात आलं.

खरी जोखीम पुढे असते. हे प्रमाणपत्र 90 दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होणार नसेल तर एखाद्या सकाळी गिऱ्हाइकाला लालभडक इशारा दिसतो आणि ऑर्डर बंद पडतात. विकतच्या प्रमाणपत्रांनाही हे चुकत नाही: 15 मार्च 2026 पासून कमाल मुदत 200 दिवस, 2027 पासून 100 आणि 2029 पासून 47 दिवस असं ठरलेलं आहे. वर्षाचे पैसे भरून निवांत बसायचे दिवस गेले. लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आल्याची ईमेल पाठवायचं, तेही त्यांनी 2025 मध्ये थांबवलं. सर्व्हर आपल्या हातात असेल आणि प्रमाणपत्र `certbot` या प्रोग्रॅमने घेतलं असेल तर ही रंगीत तालीम करून बघावी:

```
certbot renew --dry-run
```

होस्टिंग दुसऱ्याचं असेल तर त्याला लेखी विचारावं की नूतनीकरण कोण करतं आणि `www` लावलेलं आणि न लावलेलं अशी दोन्ही नावं त्यात आहेत का. दुसरं नाव विसरलं की अर्ध्या गिऱ्हाइकांना साइट चालते आणि अर्ध्यांना इशारा येतो.

ओव्ही घ्यावं अशी एकच वेळ मला दिसते: नागपूरच्या किंवा बाहेरच्या एखाद्या मोठ्या खरेदीदाराने किंवा टेंडरने ते लेखी मागितलं तर. तेव्हा त्यांच्या अटीतले शब्द वाचून घ्यावं. पैसे घेणाऱ्या गेटवेला आपण कोण हे कळतं ते त्याने केलेल्या केवायसीतून, प्रमाणपत्रातून नाही.

मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग हे 14,000 कायले लिहिले त्यानं?" मी म्हटलं, विकायला. आता त्या पैशांत तो पाकिटांवर भौगोलिक मानांकनाची खूण आणि आपला फोन नंबर छापून घेतोय.