डोंगरातून एकसारखा निरोप: आयफोनच्या शेअर बटणामागचा शॉर्टकट

राजगड-तोरणा करताना गुंजवण्यातून चोर दरवाज्याने वर चढलं, की पद्मावती माचीवर हमखास कुणाच्या तरी आईचा फोन येतो. "ताई, पोरं पोचली का हो? ग्रुपवर काहीच नाही." ग्रुपवर खरं तर चार मेसेज असतात. एकाने "पोचलो" लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ढगांचा फोटो टाकलेला असतो, तिसऱ्याचा अंगठा असतो. पण कोण पोचलं, कुठे पोचलं, किती जण आणि किती वाजता, हे त्यातून कळत नाही. बावीस जणांची जबाबदारी अंगावर असताना मी ठरवलं की निरोप एकाच माणसाने द्यायचा आणि प्रत्येक वेळी त्याच साच्यात द्यायचा. दम लागलेला असताना मात्र सहा ओळी टाइप होत नाहीत, हेही मला माहीत होतं. म्हणून ते काम फोनवर सोपवलं.

आयफोनमध्ये Shortcuts नावाचं ॲप असतं. ॲपलने २०१८ साली आयओएस १२ बरोबर ते आणलं. त्यात छोट्या छोट्या क्रिया एकाखाली एक मांडायच्या असतात आणि एकीतून निघालेली गोष्ट पुढचीच्या हाती जाते. शॉर्टकटच्या माहितीत जाऊन Show in Share Sheet चालू केलं, की तो शेअरच्या यादीत दिसू लागतो. म्हणजे फोटो उघडायचा, शेअरचं बटण दाबायचं, खाली सरकून शॉर्टकटचं नाव दाबायचं. तो फोटो Shortcut Input या नावाने पहिल्या क्रियेपर्यंत येतो.

आता फोटोच का, हा यातला खरा मुद्दा आहे. निरोपात सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी म्हणजे वेळ आणि जागा, आणि या दोन्ही कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. जागा उपग्रहांकडून कळते. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही, आकाश उघडं असलं की पुरतं. संजीवनी माची सोडून तोरण्याच्या धारेला लागलं की कित्येक ठिकाणी रेंज नसते. तिथे एक वाजून पाच मिनिटांनी फोटो काढला आणि निरोप अडीच वाजता गेला, तर खालच्या माणसाला कुठली वेळ हवी असते? एक वाजून पाचची. शॉर्टकट लिहिताना बहुतेक जण Current Date घेतात आणि इथेच फसतात. ती शॉर्टकट चालवल्याची वेळ असते. मी Get Details of Images ही क्रिया वापरून फोटोतली Date Taken आणि Location घेते.

Location थेट मजकुरात टाकलं तर फोन त्याचा पत्ता शोधायला जातो आणि त्याला इंटरनेट लागतं. त्यामुळे त्यातले Latitude आणि Longitude एवढेच घ्यावेत. Format Number या क्रियेने दशांशानंतर चार आकडे ठेवले की पुरतात. उत्तर-दक्षिण दिशेने चौथ्या आकड्यातला एकाचा फरक म्हणजे जमिनीवर साधारण अकरा मीटर, आणि डोंगरावर माणूस शोधायला एवढी अचूकता भरपूर झाली.

वेळ लिहिण्यासाठी Format Date मध्ये आपला नमुना देता येतो. मी `dd/MM HH:mm` देते. यात लहान-मोठ्या लिपीला अर्थ आहे. मोठा `MM` म्हणजे महिना, लहान `mm` म्हणजे मिनिटं. माझ्या पहिल्या प्रयत्नात दोन्हीकडे लहान लिपी पडली होती आणि १४ डिसेंबरचा निरोप "14/05" असा गेला. पाच हा महिना नव्हता, मिनिटं होती. तसंच `HH` म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ. `hh` लिहिलं तर दुपारचा एक आणि रात्रीचा एक सारखेच दिसतात.

उरलेल्या गोष्टी माणसाला विचारायच्या. ठिकाणांची यादी आधीच भरून ठेवली की Choose from List मधून बोटाने निवडता येते. माणसं किती, हे Ask for Input ने विचारायचं आणि उत्तराचा प्रकार Number ठेवायचा, म्हणजे कीपॅड फक्त आकड्यांचा येतो. ही संख्या मी मुद्दाम आपोआप भरू देत नाही. ती भरण्यासाठी थांबून डोकी मोजावी लागतात आणि तेच तर हवं आहे. मग Text क्रियेत साचा येतो:

```
*राजगड-तोरणा*
ठिकाण: तोरण्याची धार
फोटोची वेळ: 14/12 13:05
माणसं: 22 पैकी 22
तब्येत: सगळे ठीक
पुढचा निरोप: 15:05 पर्यंत
https://www.google.com/maps/search/?api=1&query=18.2465,73.6820
```

(नकाशाचे आकडे राजगड परिसरातले आहेत, पण फक्त नमुन्यापुरते.) पहिल्या ओळीतल्या दोन चांदण्यांमुळे व्हॉट्सॲपवर ती ठळक दिसते.

आता हा मजकूर व्हॉट्सॲपपर्यंत न्यायचा. त्यासाठी एक पत्ता तयार करून Open URLs ला द्यायचा असतो:

```
whatsapp://send?text=
```

बरोबरच्या चिन्हापुढे आपला मजकूर जोडायचा. मात्र तो जसाच्या तसा जोडला की गडबड होते, आणि ती कशी होते हे पाहण्यासारखं आहे. पत्त्याच्या भाषेत काही चिन्हं राखीव असतात. `&` चा अर्थ "इथे एक गोष्ट संपली, पुढची सुरू". आपल्या नकाशाच्या दुव्यात `api=1` नंतर नेमकं तेच चिन्ह आहे. ते उघडं राहिलं तर वाचणाऱ्याच्या लेखी मजकूर तिथेच संपतो. निरोप दिसतो व्यवस्थित, पण दुवा `?api=1` वर तुटलेला असतो आणि त्यावर दाबलं तर नकाशा उघडतो पण जागा दाखवत नाही. निरोप शेवटी कापला गेलेला दिसला, की आधी `&` कडे पाहावं.

यावरचा उपाय URL Encode ही क्रिया. पत्त्यात धोक्याचं किंवा न चालणारं प्रत्येक अक्षर ती टक्क्याच्या चिन्हाआड झाकते. `&` चं `%26` होतं, नव्या ओळीचं `%0A`. देवनागरीचं काय होतं ते बघा. यूटीएफ-८ या पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्का आणि दोन खुणा अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणून "ठीक" हा शब्द असा होतो:

```
%E0%A4%A0%E0%A5%80%E0%A4%95
```

पहिले तीन बाइट ठ चे, मधले तीन दीर्घ वेलांटीचे, शेवटचे तीन क चे. फोनच्या दृष्टीने वेलांटी हे वेगळं चिन्ह आहे, म्हणून दोन अक्षरांच्या शब्दाची सत्तावीस चिन्हं झाली. व्हॉट्सॲप पलीकडे ती उलगडतं आणि ग्रुपला "ठीक"च दिसतं. ग्रुपवर जर ही टक्केवारीच अवतरली, तर मजकूर चुकून दोनदा झाकला गेला आहे. दुसऱ्या वेळी टक्क्याच्या चिन्हाचंच `%25` होतं आणि उलगडणारा एकच थर काढतो. मी एकदा Text झाकला आणि मग पत्ता जोडताना पुन्हा तीच क्रिया घातली, तेव्हा हे झालं होतं.

आणखी एक अडचण आपल्याकडची. फोनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये मराठी अंक निवडलेले असतील तर तारीख देवनागरीत येते आणि ते छानच दिसतं. पण Format Number मधून आलेले अक्षांश-रेखांश "१८.२४६५" असे झाले तर दुवा जागा दाखवेल याचा भरवसा नाही. दुव्यातले आकडे इंग्रजीच राहू द्यावेत.

ग्रुपच्या बाबतीत एक मर्यादा मान्य करावी लागते. वरच्या पत्त्यात अमुक ग्रुप असं सांगायची सोय नाही. व्हॉट्सॲप भरलेला मजकूर घेऊन उघडतं आणि कुणाला पाठवायचं ते विचारतं. ग्रुपला आधीच पिन करून ठेवलं तर तो शोधावा लागत नाही. एकूण दोन-तीन टिचक्या लागतात. ॲपलच्या Messages मध्ये पाठवायचं असेल तर Send Message क्रियेत ठरलेली माणसं कायमची भरता येतात आणि Show When Run बंद केलं की न विचारता निरोप जातो. मला ते नको वाटतं. "22 पैकी 21" असा निरोप घरोघरी जाण्याआधी तो एकदा डोळ्यांखालून गेला पाहिजे.

जागेची ओळ रिकामी येते तेव्हा कारण बहुधा तीनपैकी एक असतं. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी नसते. किंवा शेअरच्या पानावर वरच्या Options मध्ये Location बंद असतं. किंवा फोटो आपला नसून कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, आणि व्हॉट्सॲप फोटोतली ही माहिती काढून टाकतं. म्हणून शॉर्टकटमध्ये एक If घालावा: Location ला मूल्य नसेल तर दुव्याऐवजी "जागा फोटोत नाही" असं लिहावं. चुकीच्या दुव्यापेक्षा ही कबुली बरी. शॉर्टकट फक्त Images स्वीकारेल असं ठेवलं तर तो भलत्या ठिकाणच्या यादीत डोकावत नाही. पहिल्यांदा तो घरी बसूनच चालवावा, कारण फोटो वापरायची आणि दुसरं ॲप उघडायची परवानगी फोन तेव्हा विचारतो, आणि ते प्रश्न कड्यावर नकोत.

साच्यातली माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ शेवटून दुसरी आहे. Adjust Date ने फोटोच्या वेळेत दोन तास मिळवून ती आपोआप भरली जाते. विमानं नियंत्रण कक्षाला आपली जागा कळवतात तेव्हा आत्ता कुठे आहोत याबरोबर पुढच्या ठिकाणी किती वाजता असू हेही सांगतात. कळवण्याची वेळ उलटून तीस मिनिटं काहीच आलं नाही तर "अनिश्चितता" ही पहिली पायरी सुरू होते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो मी जसाच्या तसा उचलला. पुढची वेळ लिहिलेली नसेल तर ग्रुपवरच्या शांततेचा अर्थ लागत नाही. कुणी दहा मिनिटांत घाबरतं, कुणी रात्रीपर्यंत निवांत असतं. वेळ लिहिली की त्या शांततेलाही घड्याळ मिळतं. पुण्यात बसलेल्या आमच्या माणसाला एवढंच सांगितलेलं असतं: ठरल्या वेळेनंतर अर्धा तास थांबायचं, मग फोन लावायला लागायचं, आधी माझा, मग शेवटी चालणाऱ्या दादांचा, मग वेल्ह्यातल्या ओळखीच्या घराचा.

मागच्या फेरीत धारेवरचा निरोप पाठवला तेव्हा रेंज नव्हती. त्याच्याशेजारी घड्याळाचं चिन्ह तसंच राहिलं आणि बुधला माचीजवळ पोचून व्हॉट्सॲप उघडलं तेव्हा तो गेला. ग्रुपवर तो उशिरा उतरला, पण आत वेळ 13:05 आणि माणसं 22 पैकी 22 होती. पुढचा निरोप 15:05 ला द्यायचा होता. आम्ही एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून थांबलो होतो; तब्येतीच्या ओळीत ते लिहून 15:20 ला निरोप पाठवला. पुण्यातल्या आमच्या माणसाने तोवर फोन हातात घेतला होता, लावला नव्हता. त्या मुलीच्या आईचा फोन आला, तेव्हा तिने "पोरं पोचली का" असं विचारलं नाही. तिने विचारलं, "डावा की उजवा?"