शहरातली पहिली दुर्बीण : व्यास आणि विवर्धन

आकाशदर्शनासाठी पहिली दुर्बीण घेताना दोन आकडे समोर येतात. एक खोक्यावर ठळक छापलेला असतो, '५२५ पट'. दुसरा नळीवर बारीक अक्षरांत असतो, '६०/७००'. पैसे मोजायचे ते या दुसऱ्या आकड्यासाठी. ६० म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास आणि ७०० म्हणजे त्याचे नाभीय अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. विवर्धन हा दुर्बिणीच्या अंगचा गुण नव्हे. डोळा लावायची नेत्रिका, म्हणजे आयपीस, बदलली की विवर्धनही बदलते. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की ते मिळते. खोक्यात ४ मिमीची नेत्रिका आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग टाकले की ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याची तिप्पट ५२५. गणित बरोबर आहे, पण त्यातून दिसत काहीच नाही.

दोन बारीक तपशील वेगळे दिसावेत यासाठी भिंगाला किंवा आरशाला किमान रुंदी लागते. ढोबळ नियम असा, की ११६ ला व्यासाच्या मिलिमीटरनी भागले की वेगळे दिसू शकणारे सर्वांत लहान अंतर विकलांमध्ये मिळते. ६० मिमीच्या भिंगाला ही मर्यादा १.९ विकला येते, १३० मिमीच्या आरशाला ०.९. (एका अंशाचे ३६०० विकला.) त्यापेक्षा बारीक काही भिंगाने टिपलेलेच नसते, मग ते कितीही ताणले तरी नुसते पसरट होते. म्हणूनच व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट ही विवर्धनाची कमाल मर्यादा धरतात. ६० मिमीला १२० पट, १३० मिमीला २६० पट. ५२५ पटीला प्रतिमा १२० पटीच्या मानाने एकोणीसपट मंद होते आणि नेत्रिकेतून डोळ्यात येणारा किरणझोत जेमतेम ०.११ मिमीचा उरतो. इतक्या बारीक झोतात स्वतःच्याच डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे ठिपके दिसू लागतात. शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह वीसेक सेकंदांत दृष्टिक्षेत्राबाहेर जातो, आणि त्याला परत गाठताना काडीसारखा ट्रायपॉड थरथरत राहतो. पुष्कळ दुर्बिणी माळ्यावर जातात त्या इथेच.

व्यासाचे दुसरे काम म्हणजे प्रकाश गोळा करणे. तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १३० मिमीचा आरसा ६० मिमीच्या भिंगाच्या सुमारे पावणेपाचपट प्रकाश घेतो. पण मुंबई-पुण्याच्या आकाशात हा नियम अर्धाच उपयोगी पडतो. देवयानी दीर्घिकेसारखी पसरलेली, फिकट वस्तू घेतली, तर मोठा आरसा तिचा प्रकाश जसा गोळा करतो तसाच तिच्यामागच्या उजळलेल्या आकाशाचाही करतो. दोघांमधला फरक तेवढाच राहतो. विवर्धन वाढवले तर दोन्ही सारख्याच प्रमाणात मंद होतात. शहरातून देवयानीचा मधला धूसर गोळा दिसतो, तिचे पसरलेले हात दिसत नाहीत. व्यास वाढवल्याने हे फारसे बदलत नाही. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश गाळणारे फिल्टर एकेकाळी थोडे कामी येत. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आले आहेत आणि त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने तो उपायही लंगडा झाला आहे.

ताऱ्यांचे तसे नाही. तारा कितीही पट केला तरी जवळजवळ बिंदूच राहतो, पार्श्वभूमी मात्र काळवंडत जाते. त्यामुळे तारकागुच्छ आणि जोडतारे शहरातून मध्यम विवर्धनाला अधिक उठून दिसतात. सप्तर्षीतला वसिष्ठ घ्या. त्याच्याजवळची अरुंधती चांगल्या नजरेला नुसत्या डोळ्यांनी दिसते, दोघांत सुमारे १२ कलांचे अंतर आहे, एक कला म्हणजे ६० विकला. पण वसिष्ठ स्वतःही जोडतारा आहे, त्याचा सोबती अवघ्या १४ विकलांवर. ६५ पटीला हे १४ विकला १५ कलांएवढे दिसतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या वसिष्ठ-अरुंधतीच्या जोडीहूनही रुंद. एप्रिल-मेच्या संध्याकाळी उत्तरेकडच्या गच्चीवरून, खाली रस्त्यावरचे दिवे चालू असतानाही, हे दिसते.

चंद्र आणि ग्रह तर इतके तेजस्वी असतात की प्रकाशप्रदूषणाचा त्यांना जवळजवळ फरकच पडत नाही. गुरूचे बिंब पृथ्वीच्या जवळ असताना ४५ विकलांच्या आसपास असते. ४० पटीलाच ते पौर्णिमेच्या चंद्राएवढे भासते, १३० पटीला त्याच्या तिप्पट. नवख्या माणसाला हे पटत नाही, कारण काळ्या वर्तुळात एकटी लटकलेली वस्तू लहानच वाटते. इथे व्यासाची किंमत वसूल होते. लहान भिंगातून गुरूवर दोन पट्टे दिसतात. १३० मिमीमधून, हवा साथ देत असेल तर, त्या पट्ट्यांच्या वेड्यावाकड्या कडा आणि उपग्रहाची बिंबावरून सरकणारी काळी सावली दिसते.

हवेची ही अट शहरात कडक असते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. त्यामुळे १५० ते २०० पटीच्या पुढे जाण्याची वेळ क्वचितच येते. म्हणजेच शहरात फार मोठ्या व्यासाचा पूर्ण उपयोगही वरचेवर होत नाही.

या सगळ्याचा विचार करता फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी नाभीय अंतराची आरशाची दुर्बीण हा नेमका मध्य आहे. ती डॉब्सन पद्धतीच्या साध्या लाकडी बैठकीवर असावी. अमेरिकेत जॉन डॉब्सनने ही बैठक लोकप्रिय केली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवण्यासाठी, म्हणजे तिचा जन्मच शहरातला. तिच्यासोबत २५ मिमीची नेत्रिका (२६ पट) शोधायला, १० मिमीची (६५ पट) पाहायला, आणि दुप्पट करणारे एक बरे बार्लो भिंग, ज्याने १० मिमीवर १३० पट मिळतात. तिसरी नेत्रिका वर्षभर घेऊ नये. मोकळ्या गच्चीची सोय असेल आणि पंधरा-सोळा किलो उचलायची तयारी असेल, तर १५० मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण ग्रहांसाठी याहून सरस. मात्र ती बाल्कनीच्या ग्रिलमधून वळत नाही.

एका सापळ्याची नोंद इथेच करायला हवी. काही ११४/१००० दुर्बिणींची नळी जेमतेम अर्धा मीटर लांब असते. ही लांबी नाभीय अंतराशी जुळत नाही, कारण गोलाकार आरशाची उणीव झाकायला नेत्रिका बसते त्या फोकसरमध्ये एक स्वस्त भिंग बसवलेले असते. त्यातून तारा टाचणीसारखा कधीच होत नाही.

घेण्यापूर्वी एखाद्या दुर्बिणीतून पाहून घ्यावे. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, तिथे हे सहज जमते. दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून आरसा थंड होऊ द्यावा. डोक्यावरचा एखादा तेजस्वी तारा आधी फोकसच्या आत, मग बाहेर न्यावा. दोन्ही बाजूंना सारखीच गोल कडी दिसायला हवीत. ती एका बाजूला झुकली असतील तर आरसे सरळ बसवायचे राहिलेत, आणि ते दुरुस्त होते. दोन्ही बाजूंची कडीच वेगवेगळी असतील तर खोट आरशात आहे. मग नळीला बोटाने टिचकी मारावी. तीन सेकंदांत तारा स्थिर झाला नाही, तर बैठक कुचकामी आहे. आणि सूर्यासाठी म्हणून नेत्रिकेला लावायचा छोटा काळा फिल्टर सोबत मिळाला तर तो फेकून द्यावा. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो, आणि तेव्हा डोळा तिथेच लावलेला असतो.